बांगड्याचा वास: आगळ, लिंबू की दूध? आणि मुळात हा वास येतो कुठून?

पन्हाळकरीण
मंडळी, आमचं घर पक्कं मटणवालं. माहेरी रविवारी तांबडा-पांढरा, मासा कधी सणासुदीलाही नाही. लग्न झालं ते मालवणच्या घरात, आणि आता राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आठवड्यातून दोनदा बांगडा. मला खायला आवडायला लागलाय, पण साफ करताना जो हिवस वास येतो तो पडद्यांना, ओट्याला, हातांना दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. बाबा आले की दारातच थबकतात.

सासूबाई म्हणतात, कोकमाचं आगळ लाव आणि गप्प बस. शेजारच्या काकू म्हणतात, दुधात अर्धा तास ठेव. यूट्यूबवर कुणी व्हिनेगर सांगतं. मला दोन गोष्टी कळायला हव्यात. यातलं खरंच काय चालतं? आणि नेमकं होतं काय, वास मरतो की फक्त झाकला जातो? झाकला जात असेल तर मला भीती वाटते, कारण मग खराब मासाही मला कळणार नाही.

तांबडारस्सा
वैनी, सोपा उपाय आहे. मासा आणू नका, मटण आणा. 😄
बरं, गंमत बाजूला. बोकडाच्या मटणाला उग्र वास येतो त्याला पण दूध चालतं का? आमची आई दही लावते.

देवगडकर
पन्हाळकरीण ताई, ताज्या माशाला वास नसतोच. आमच्याकडे होडीतून उतरलेला बांगडा हातात घ्या, समुद्राचा वास येईल, बस. वास येतो तो शिळ्याला. कोल्हापूरला माल घाट चढून येतो, पहाटेचा बांगडा तुमच्या ओट्यावर संध्याकाळी. लिंबू लावलं की जंतू मरतात, वास संपतो. एवढं सोपं आहे.

मीठमोहर
देवगडकर, निम्मं अगदी बरोबर आहे तुमचं. ताज्या समुद्री माशाला तो वास नसतो. पण लिंबू जंतू मारतं म्हणून वास जातो, हे नाही.

मी बावीस वर्षं रत्नागिरीच्या बाजूला मासे गोठवणाऱ्या कारखान्याच्या तपासणी विभागात होते. माझं कामच हा वास मोजण्याचं होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

समुद्राचं पाणी खारट. त्या खारेपणाशी झुंजायला मदत करणारे काही पदार्थ माशाच्या मांसात साठलेले असतात. त्यातला एक म्हणजे ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड. याला वास नाही. मासा जिवंत असताना तो शांतपणे आपलं काम करतो. मासा मेला की त्याच्या कातडीवरचे आणि आतड्यातले जंतू मांसात उतरतात. त्यातल्या काहींना हवेतल्या ऑक्सिजनऐवजी या पदार्थातला ऑक्सिजन वापरता येतो. त्यांनी तो काढून घेतला की मागे उरतं ट्रायमिथाइलअमीन. आपण ज्याला हिवस वास म्हणतो तो मुख्यतः हाच.

आता हा उडतो कशामुळे? कारण तो साधारण 3 अंश सेल्सिअसलाच उकळतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात तो मुळात वायूच. मांसातल्या पाण्यात विरघळलेला असतो, संधी मिळाली की वर येतो. बर्फात ठेवलेल्या माशाला कमी वास येतो त्याची दोन कारणं: जंतू मंदावतात आणि वायू कमी सुटतो. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलींना मी सांगायचे, बर्फातल्या माशाचा वास तिथेच घेऊन निकाल देऊ नका. एक बाहेर काढा, दहा मिनिटं थांबा, मग कल्ल्याशी नाक न्या.

पन्हाळकरीण
ताई, हे पहिल्यांदा कुणी नीट सांगितलं. मग लिंबू काय करतं?

मीठमोहर
ट्रायमिथाइलअमीन हा अल्कली गटातला. अमोनियाचाच भाऊबंद. आंबट पदार्थ दिला की तो त्यातला एक कण स्वतःला चिकटवून घेतो आणि त्याचा क्षार बनतो. वायू उडतो, क्षार उडत नाही. मिठाला वास असतो का? तसंच. नाकापर्यंत काही पोचलंच नाही तर वास कसा येणार.

किती फरक पडतो ते सांगते. पीएच हा आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट. साध्या पाण्यासारख्या, म्हणजे पीएच 7 च्या जागी, हजारात दीडेक रेणू मोकळा असतो, बाकी सगळे बांधलेले. तो दीडही आपल्या नाकाला पुरतो, इतकं नाक या वासाला तिखट आहे. लिंबू-पाणी लावून पीएच 4 च्या आसपास आणला की मोकळे उरतात दहा लाखांत दीड. हजारपट कमी.

म्हणून पन्हाळकरीण, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: वास मरतही नाही आणि नुसता झाकलाही जात नाही. तो बांधला जातो. आणि बांधलेला क्षार पाण्यात विरघळतो, म्हणून भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं आणि मासा पुन्हा गार पाण्याने धुवायचा. ज्यांना लिंबाचा उपयोग होत नाही, त्यातले बरेच लोक लिंबू पिळून तसंच कालवण करतात.

शिरोळची_सुगरण
अगं बाई! आता कळलं माझं काय चुकलं ते. गेल्या वर्षी मी फ्रिज धुवायला खाण्याचा सोडा वापरते म्हणून सुरमईच्या तुकड्यांनाही सोड्याच्या पाण्यात घातलं. वास वाढला की कमी झाला ते विचारू नका. घरच्यांनी सगळी दारं उघडली. मला वाटलं मासेवाल्याने फसवलं, त्याच्याशी भांडून आले मी.

मीठमोहर
सुगरण ताई, सोडा उलट्या बाजूला नेतो. सोड्याच्या पाण्यात शंभरातले तीनेक मोकळे होतात, म्हणजे साध्या पाण्याच्या वीसपट. फ्रिजमधल्या हवेसाठी सोडा ठीक, माशाला नको. मासा जरा जुना असणार, पण भांडण निम्मं तरी सोड्याशी होतं.

हीच गोष्ट हातांची. अंगाचा वडीचा साबण अल्कलीच असतो. मासे चिरून आधी साबण लावला की वास उसळतो. आधी लिंबाची साल किंवा आमसूल चोळा, गार पाण्याने धुवा, मग साबण.

पंचगंगाकाठ
मी लहानपणापासून नदीचा मासा खाल्लेला माणूस. आमच्याकडे मरळ, वाम, कटला, आणि हल्ली चिलापी फार. या माशांना तो बांगड्यासारखा वास नाही येत, पण पावसाळ्याआधी पाणी आटलं की तळ्यातल्या कटल्याला चिखलाचा वास येतो. पहिल्या पावसात माती भिजल्यावर येतो ना, तसा. फक्त पहिल्या पावसाचा छान वाटतो आणि ताटातला नाही. हा पण तोच पदार्थ का? आमची आजी कटल्याला चिंचेचा कोळ भरपूर घालायची आणि तो वास जायचा.

मीठमोहर
नाही दादा, हा वेगळा. गोड्या पाण्यातल्या माशाला खारेपणाशी झुंजायचं नसतं, त्यामुळे तो ऑक्साइड त्यांच्यात फारसा नसतो. चिखलाच्या वासाचं नाव जिओस्मिन. शेवाळासारखे निळे-हिरवे जंतू आणि मातीतले काही जंतू तो बनवतात, आणि मासा कल्ल्यांतून तो अंगात घेतो, चरबीत साठवतो. पहिल्या पावसाचं तुम्ही म्हणालात ते अचूक आहे, तोच पदार्थ.

आजीची चिंच बरोबर होती, पण कारण निराळं. जिओस्मिन अल्कली नाही, त्यामुळे त्याचा क्षार बनत नाही. आम्लात त्याच्यातून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि जे उरतं त्याला वास नसतो. इथे मात्र वास खरोखरच मोडतो. पण चरबीत आत बसलेल्याला चिंच पोचायला वेळ लागतो. म्हणून कोळात मुरवणं आणि शिजवणं दोन्ही लागतं. जिवंत मासा चार-पाच दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तरी तो वास उतरतो, पण ते घरी कोण करणार.

पंचगंगाकाठ
आजी करायची! विहिरीच्या कडेला हौद होता, मरळ त्यात सोडून ठेवायची. आम्हाला वाटायचं आम्हाला बघायला.

दूधकट्टा
दुधाबद्दल कुणी बोलेना. मी गंगावेशीजवळ वाढलोय, दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध मिळतं. आमच्या घरी पापलेट अर्धा तास म्हशीच्या कच्च्या दुधात. वास नाही, आणि मासा मऊसूत. दूध पण थोडं आंबटच असतं ना? मग तेच कारण असणार.

चिकित्सक_भाऊ
दूधकट्टा, इथे मला शंका आहे. दुधाचा पीएच साधारण 6.7. मीठमोहर ताईंच्या हिशेबाने तिथे हजारात एकापेक्षाही थोडा कमी मोकळा. म्हणजे साध्या पाण्यापेक्षा निम्माच. आणि ताज्या माशाचं मांस स्वतःच 6.5 च्या आसपास असतं. मग दुधाने आंबटपणा दिला म्हणून वास गेला, हे जमत नाही. मला तर वाटतं दुधात घालून धुतलं काय आणि पाण्यात घालून धुतलं काय, सारखंच. लोक दुधाला उगाच मान देतात.

मीठमोहर
हिशेब बरोबर आहे भाऊ, निष्कर्ष पूर्ण नाही. दूध आम्ल म्हणून काम करत नाही हे मान्य. सांगितलं जातं ते असं की दुधातलं केसीन हे प्रथिन ट्रायमिथाइलअमीनला धरून ठेवतं आणि दुधाबरोबर ते बाहेर जातं. मला स्वतःला वाटतं की दुधाचा मोठा उपयोग दुसऱ्याच वासाला होतो. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे. त्यांचं तेल हवेने खवट होतं, तो एक जड, जुन्या तेलासारखा वास. त्याला लिंबू काहीच करत नाही, कारण तो अल्कली नाही. दुधातली चरबी आणि प्रथिनं त्याला ओढून घेऊ शकतात. जून-जुलैत बंदी असते तेव्हा बर्फगृहातला बांगडा येतो, त्याला हाच वास जास्त. गोठवल्यावर जंतू थांबतात, तेलाचं खवट होणं थांबत नाही.

पण यात केसीन किती, साय किती आणि नुसतं धुणं किती, हे मी कधी वेगवेगळं मोजलेलं नाही.

चिकित्सक_भाऊ
मग सायीचं आणि साय काढलेलं, अशी दोन्ही दुधं शेजारी ठेवून बघायला हवं.

तांबडारस्सा
माझ्या मटणाचं राहिलंच!

मीठमोहर
तांबडारस्सा, बोकडाचा वास त्याच्या चरबीतल्या आम्लांचा. तो आधीच आम्ल, त्याला दह्याच्या आंबटपणाने बांधता येत नाही. चरबी काढणं हा खरा उपाय. दही मांस मऊ करतं, त्यासाठी आई लावत असतील.

देवगडकर
मीठमोहर ताई, मोरी माशाबद्दल पण सांगा. आमच्याकडे मोरीचं मटण म्हणजे जीव की प्राण, पण जरा उशीर झाला की नाकात जातं, डोळ्यांत पाणी येतं.

मीठमोहर
मोरी, पाकट यांच्या मांसात युरिया भरपूर. तो फुटला की अमोनिया. तो पण अल्कलीच, त्यामुळे आगळ, चिंच तिथेही चालते. पण मोरीला चिरून, धुऊन, पाणी दोनदा बदलून घेणं जास्त महत्त्वाचं, युरिया पाण्यात विरघळतो.

पन्हाळकरीण
मंडळी, काल करून बघितलं. सविस्तर लिहिते.

एक किलो बांगडा आणला, सहा नग आले. डोकी आणि आतडी काढली, पोटातला काळा पडदा आणि मणक्याजवळचं रक्त नखाने खरवडून काढलं (सासूबाईंनी उभं राहून करून घेतलं). तुकडे केले, सगळे एकत्र मिसळले, म्हणजे एखाद्या वाडग्यात चांगले आणि दुसऱ्यात वाईट असं नको. मग चार वाडगे, प्रत्येकात तीन तुकडे. पहिल्यात साधं पाणी. दुसऱ्यात एक कप पाण्यात दोन चमचे लिंबाचा रस. तिसऱ्यात एक कप आंबट ताक. चौथ्यात एक कप म्हशीचं दूध. वीस मिनिटं फ्रिजमध्ये. मग सगळं वेगवेगळ्या ग्लासात ओतून ठेवलं, तुकडे धुतले, पुसले आणि नवऱ्याचे डोळे बांधून वास घ्यायला लावला.

साधं पाणी: वास थोडा कमी, पण आहे. लिंबू: सगळ्यात कमी, पण तुकड्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. दूध: तो टोचरा वास थोडा उरला होता, पण तेलकटपणा गेला होता. ताक: त्याला लिंबाच्या बरोबरीचं वाटलं आणि कडाही पांढऱ्या नाहीत.

आता मजा पुढे. मीठमोहर ताई म्हणाल्या वास बांधला जातो, म्हणून मी लिंबाचं ओतलेलं पाणी घेतलं. त्याला लिंबाचाच वास. त्यात खाण्याचा सोडा घालत गेले, फसफसणं थांबेपर्यंत, आणि वर अर्धा चमचा जास्त. बांगडा परत आला! ग्लासातून! सासूबाई आतून ओरडल्या, परत काय चिरतेस म्हणून.

मीठमोहर
पन्हाळकरीण, तू माझा दिवस छान केलास. हाच प्रयोग आम्ही तपासणीत करायचो, फक्त जास्त कडक अल्कली वापरून. आम्लात ओढून घ्यायचं, अल्कली घालून सोडायचं आणि सुटलेलं मोजायचं. शंभर ग्रॅम मांसात 10 ते 15 मिलिग्रॅम नायट्रोजन ट्रायमिथाइलअमीनच्या रूपात सापडला की मासा नाकारण्याच्या रेषेवर. मात्र आपल्या उष्ण समुद्रातल्या माशांना हा आकडा नेहमी नीट लागू पडत नाही, म्हणून शेवटी डोळे आणि कल्ले बघूनच निर्णय व्हायचा.

कडा पांढऱ्या पडल्या ते आम्लाने प्रथिनं आवळली म्हणून. लिंबात पंधरा मिनिटं पुष्कळ. ताकाचा पीएच साडेचारच्या आसपास आणि शिवाय त्यात दुधातली प्रथिनं, म्हणून दोन्ही कामं झाली.

दूधकट्टा
ताक! इतकी वर्षं दूध वाया घालवलं. 😄

शिरोळची_सुगरण
आगळाचं काय पण? सासूबाईंचा मूळ मुद्दा.

पन्हाळकरीण
घरातलं आगळ संपलं होतं, म्हणून वाडगा लावला नाही. सासूबाईंचं म्हणणं आहे की तो लावला असता तर बाकीच्यांचं काम नव्हतं.

देवगडकर
आगळात मीठ पण असतं. मीठ वरचं पाणी ओढून काढतं, त्याबरोबर वास जातो. आणि बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवंच. ते वास काढत नाही, पण त्याच्यापुढे दुसरं काही येत नाही.

मीठमोहर
देवगडकर, हे दोन्ही पटतं.

आता पन्हाळकरीण, तुझ्या पहिल्या पोस्टमधल्या भीतीकडे येते, कारण ती रास्त आहे. वास घेऊन निवड करायची असते ती भिजवण्याआधी. आंबट लावल्यावर नाकाचा निकाल धरायचा नाही. बाजारात डोळा फुगीर आणि काळाभोर, कल्ले लाल, बोट दाबलं की खड्डा भरून येतो, एवढं बघ.

आणि बांगड्याची एक गोष्ट वासाच्या पलीकडची. बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन जास्त असतं. मासा बर्फाशिवाय तासन्‌तास राहिला की काही जंतू त्यापासून हिस्टामीन बनवतात. त्याला वास नाही. लिंबू, ताक, दूध, उकळणं, तळणं, कशानेही ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज येते, डोकं दुखतं, छाती धडधडते. लोकांना वाटतं माशाची अ‍ॅलर्जी आहे. असं झालं तर डॉक्टरकडे जा आणि बांगडा खाल्ल्याचं आवर्जून सांगा. म्हणून बर्फाविना टोपलीत उन्हात ठेवलेला बांगडा वास नसला तरी घेऊ नये.

चिकित्सक_भाऊ
हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मला अगदी असंच झालं होतं, तेव्हापासून मी बांगडा सोडलाय. सुरमई चालते म्हणून गोंधळात होतो.

मीठमोहर
भाऊ, सुरमईतही हे होऊ शकतं, त्यामुळे नुसत्या त्यावरून ठरवू नका. खरी अ‍ॅलर्जी नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या, मगच पुन्हा खा.

पंचगंगाकाठ
मी येत्या रविवारी कटल्याचे दोन वाटे करतो. एक चिंचेच्या कोळात तासभर, एक नुसत्या पाण्यात. सध्या तळं आटलंय, वास जोरात आहे, फरक कळेल.

चिकित्सक_भाऊ
आणि मी सायीचं-बिनसायीचं दूध. मांदेली आणतो, बांगडा तपासणी झाल्यावर.

पन्हाळकरीण
काल आगळ आलं मालवणहून, दोन बाटल्या. रविवारी पाचवा वाडगा. बाबांना पण बोलावलंय, डोळे बांधायला. त्यांच्यापेक्षा तिखट नाक घरात दुसरं नाही.